सेन्सर बदलण्याआधी पिन पाहा

पवन मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये पंख्याच्या खांबावर कंट्रोलरचा डबा बसवला, की त्याला पंख्याची थरथर आणि फॉगरची ओल कायम सोसावी लागते; लोणावळ्याकडे जावे तसा पावसाळी दमटपणा आणखी वाढतो. अशा डब्यात आर्द्रतेचा सेन्सर मधूनच बंद पडतो, वायर हलवली की पुन्हा चालतो. हे लक्षण सेन्सरचे नसून बहुधा क्रिम्पचे असते, आणि तो दोष बसवणाऱ्याच्या हातून होतो, असे आमचे मत आहे.

2.54 मिलिमीटर अंतराच्या हेडरवर बसणाऱ्या पिनेला मागे पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी तांब्याला धरते, मागची इन्सुलेशनला. नीट दाबलेल्या पिनेत या दोहोंच्या मधल्या फटीत इन्सुलेशनची कड आणि उघडे तांबे, दोन्ही दिसतात. पुढच्या पंखांची टोके आत वळून तारांच्या गठ्ठ्यात रुतलेली असतात. साध्या पकडीने दाबले, तर पंख नुसते चपटे होतात, आत पोकळी राहते आणि तिथे दमट हवा शिरून ऑक्साइड चढते. मागची जोडी इन्सुलेशनवर बसली नसेल, तर सगळी थरथर उघड्या तांब्यावर येते आणि एकेक तार तुटत जाते.

‘वरून सोल्डर केले की झाले’ असे अनेक जण म्हणतात. पण सोल्डर तारांमधून मागे झिरपते, तेवढा भाग कडक होतो आणि जिथे कडकपणा संपतो तिथेच वायर मोडते. रॅचेटचे हत्यार महाग पडते हा आक्षेप खरा आहे. तरीही साइटवरची एक जादा फेरी स्वस्त नसते. शिवाय दर गठ्ठ्यातली एखादी नमुना पिन ओढून पाहता येते: 22 गेजच्या वायरीने साधारण साडेतीन किलोचा ताण सोसायला हवा.

उलट्या जोडणीचा प्रश्न वेगळा आहे. सेन्सरच्या तीन पिना पुरवठा, सिग्नल, ग्राउंड अशा क्रमाने असतील, तर साधे हाउसिंग उलटे बसताच पुरवठा उलटतो आणि सेन्सर जळू शकतो. जुन्या बोर्डावर चार पिनांची जागा घेऊन दुसरी पिन कापतात आणि हाउसिंगचे तेच भोक बुजवतात. याने सरळ उलटे बसणे थांबते. पण उलटे करून एक घर सरकवले, तर ते बसतेच. म्हणून नव्या बोर्डावर भिंतीचे, एकाच बाजूने बसणारे एक्सएचसारखे कनेक्टर घ्यावेत. मात्र एक्सएच केवळ घर्षणाने धरते. थरथर जास्त असेल तिथे खटका असलेला कनेक्टर निवडावा, आणि दोन्ही ठिकाणी वायर कनेक्टरजवळच डब्याला बांधावी. पुढच्या हंगामाआधी देखभालीला जाल तेव्हा सोबत भिंग न्या, आणि फटीत तांबे व इन्सुलेशन दोन्ही न दिसणारी प्रत्येक पिन कापून नव्याने दाबा.