नान, कूचा आणि चाळीस दिवस

मागच्या अंकात इराणी चित्रपटांबद्दल लिहिले, तेव्हा अब्बास किआरोस्तामींचे नाव ओघात येऊन गेले. त्यानंतर घरातच एक प्रश्न निघाला. कॉलेजात जाणाऱ्या भाचीने विचारले, "मामू, एवढ्या मोठ्या माणसाचा पहिला चित्रपट कसा होता? तेव्हाच कळले असेल का, हा पुढे काय करणार ते?" उत्तर तोंडी देण्यापेक्षा तो चित्रपटच सगळ्यांनी मिळून पाहिला. वेळ फार लागला नाही. तो सुमारे दहा-बारा मिनिटांचा, कृष्णधवल आणि जवळपास संवादांशिवायचा आहे.

फारसीत त्याचे नाव 'नान ओ कूचे'. आपल्या घरांत उर्दू कानावर पडते, त्यामुळे भाषांतराची फारशी गरज नाही. नान म्हणजे भाकरी-रोटी आणि कूचा म्हणजे गल्ली. साल १९७०. किआरोस्तामी तेव्हा तिशीचे होते. तेहरानमध्ये चित्रकला शिकलेले, जाहिरातपट करणारे आणि दुसऱ्यांच्या चित्रपटांची श्रेयनामावली सजवून देणारे. मुलांसाठी आणि तरुणांसाठी काम करणारी 'कानून' नावाची एक सरकारी संस्था होती. (हा कानून कायद्याचा नव्हे. फारसीत हा वेगळा शब्द असून त्याचा अर्थ केंद्र असा आहे.) या संस्थेने चित्रपट विभाग काढला आणि त्या विभागाचा पहिला चित्रपट किआरोस्तामींच्या वाट्याला आला.

गोष्ट एवढीशी आहे. एक लहान मुलगा रोटी घेऊन घरी निघाला आहे. वाटेत पडलेली एक टाकाऊ वस्तू पायाने उडवत, आपल्याच नादात तो चालतो. पार्श्वभूमीला बीटल्सच्या एका प्रसिद्ध गाण्याची जॅझमधली धून वाजते आहे. गल्ली वळते आणि समोर एक कुत्रा भुंकत उभा राहतो. मुलगा मागे पळतो. घर पलीकडे आहे आणि दुसरी वाट नाही. तो थांबतो. माणसे येतात, जातात. त्याच्या अडचणीकडे कोणाचे लक्ष नाही. मग एक म्हातारा येतो आणि मुलगा गुपचूप त्याच्या मागे चालू लागतो. आता सुटलो असे त्याला वाटते तोच म्हातारा दुसरीकडे वळतो. कुत्रा आणि मुलगा पुन्हा समोरासमोर. शेवटी मुलगा रोटीचा एक तुकडा तोडून टाकतो. कुत्रा तो खातो आणि शेपूट हलवत त्याच्या मागे चालू लागतो.

कोणीही इथे चित्रपट संपवला असता. भीती गेली, दोस्ती झाली. पण किआरोस्तामी पुढे जातात. मुलगा घरात शिरतो, दार बंद होते आणि कुत्रा बाहेर उंबऱ्याशी बसून राहतो. थोड्या वेळाने दुसरा एक मुलगा हातात भांडे घेऊन त्याच गल्लीतून येतो. कुत्रा उठतो आणि भुंकू लागतो. चित्रपट तिथेच संपतो.

आता त्या दाराजवळच्या दृश्याबद्दल. किआरोस्तामींनी पुढे मुलाखतीत सांगितले की हा पहिला अनुभव फार कठीण गेला. हाताशी एक लहान मूल, एक कुत्रा आणि नवखी मंडळी होती. अनुभवी म्हणावा असा एकटा छायाचित्रकार, आणि तोच सतत कुरकुर करत होता. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. रिवाजाप्रमाणे त्याला दृश्य तोडून हवे होते. आधी दुरून येणारा मुलगा, मग जवळून त्याचा हात, मग बंद होणारे दार आणि मग वेगळा घेतलेला कुत्रा. असे चार तुकडे अर्ध्या दिवसात होतात. कुत्रा आणि मूल एकाच वेळी शहाण्यासारखे वागण्याची गरज नसते, कारण दोघे एका चौकटीत येतच नाहीत. जोडकाम नंतर संकलनाच्या टेबलावर होते.

नवख्या दिग्दर्शकाने हट्ट धरला की दोघे एकाच चौकटीत चालत आले पाहिजेत, मुलाने आत जावे, दार लागावे आणि कुत्र्याने बाहेर बसावे, आणि हे सगळे कॅमेरा न थांबवता व्हावे. यात किती ठिकाणी काम बिघडू शकते ते पाहा. कुत्रा पुढे धावला तर फुकट. मुलाने कॅमेऱ्याकडे पाहिले तर फुकट. सगळे जमले आणि दार लागल्यावर कुत्रा बसण्याऐवजी निघून गेला, तरी पुन्हा पहिल्यापासून. किआरोस्तामींच्या सांगण्यानुसार या एका दृश्याला चाळीस दिवस लागले. मधल्या काळात कुत्रेही बदलावे लागले.

भाचीने विचारले, "पण बघणाऱ्याला काय फरक पडला?" प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही चित्रपटाचा तो भाग पुन्हा लावला. तुकड्यांत घेतलेला मुलगा आणि तुकड्यांत घेतलेला कुत्रा एका दिवशी एका गल्लीत होते की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. आपल्याला माहिती मिळते, की कुत्रा मागे आला आणि बसला. दोघे एकत्र दिसतात तेव्हा त्यांच्यातले अंतर दिसते. ते कमी होताना दिसते, आणि दार लागल्यावर पुन्हा उघडे पडताना दिसते. मुलाचा प्रश्न सुटला, कुत्र्याचा नाही, हे शब्दांशिवाय कळते. रोटीच्या तुकड्याने वाट मिळाली, घर मिळाले नाही.

हाच हट्ट पुढे त्यांची ओळख झाला. १९८७च्या 'खाने-ये दूस्त कोजास्त', म्हणजे 'मित्राचे घर कुठे आहे', या चित्रपटात अहमद नावाच्या मुलाकडे चुकून वर्गमित्राची वही येते. वही नसेल तर उद्या मास्तर मित्राला शाळेतून काढणार. म्हणून अहमद डोंगरापलीकडच्या गावात ती पोचवायला धावतो. इथेही एक लहान मूल, हातात एक वस्तू आणि अडवणारी वाट. इथेही मोठी माणसे ऐकत नाहीत. इथेही शेवटी एक म्हातारा भेटतो, अंधारात त्याचा आधार वाटतो, कुत्र्याच्या भुंकण्याने मूल दचकते, आणि म्हातारा दाखवतो ते घर चुकीचेच निघते. सतरा वर्षांपूर्वीची ती गल्ली इथे दोन गावांएवढी लांब झाली आहे.

एका चौकटीतल्या दोघांचे दृश्यही पुन्हा येते, पण फार दुरून. १९९२च्या 'आणि आयुष्य चालूच राहते' या चित्रपटाच्या शेवटी भूकंपग्रस्त भागातल्या उभ्या चढावर एक मोटार अडते, मागे घसरते. खांद्यावर गॅसचे सिलिंडर घेतलेला एक माणूस पायी चालला आहे. मोटार मुंगीएवढी आणि माणूस ठिपक्याएवढा. तरी कॅमेरा जवळ जात नाही. शेवटी चढ पार होतो आणि मोटार त्या माणसाला सोबत घेते, तेव्हा आपण चेहरे न पाहताच सुटकेचा श्वास टाकतो. १९९४च्या 'ऑलिव्हच्या झाडांमधून' या चित्रपटात तर लग्नाला होकार मागणारा हुसेन हिरव्या शेतातून ताहिरेच्या मागे जातो. दोन पांढरे ठिपके जवळ येतात, आणि एक ठिपका वळून धावत परत निघतो. तिने काय उत्तर दिले ते ऐकू येत नाही. मुलगा आणि कुत्रा यांच्या जागी प्रियकर आणि प्रेयसी आले. अंतर मोजण्याची रीत मात्र तीच राहिली.

पहिला चित्रपट असा वाचताना एक चूक सहज होते. पुढचे ठाऊक असल्याने आपण मागे तेवढेच शोधतो. म्हणून पहिल्या चित्रपटात काय आहे याबरोबर, त्यातले काय दिग्दर्शकाने नंतर टाकून दिले, हेही पाहावे. 'नान ओ कूचे'मध्ये मुलाचा घाबरलेला चेहरा आणि कुत्रा यांचे जवळून घेतलेले तुकडे आहेत. बाकीचा चित्रपट बराचसा रिवाजानेच जोडला आहे. त्यात ती आनंदी धून आहे, जी आपल्याला हसायचे कधी ते सुचवते. पुढच्या किआरोस्तामींनी संगीत फार काटकसरीने वापरले, पुष्कळदा थेट शेवटाला. म्हणजे ती धून एका हुशार जाहिरातकाराची, आणि दाराजवळचे दृश्य किआरोस्तामींचे, असे मला वाटते. दहा-बारा मिनिटांत ही दोन्ही माणसे शेजारी-शेजारी दिसतात.

शेवटांचेही तसेच. १९७४च्या 'मोसाफर'मध्ये, म्हणजे 'मुसाफिर'मध्ये, कासिम नावाचा मुलगा तेहरानला फुटबॉलचा सामना पाहायला जाण्यासाठी नाना खटपटी करतो. मोडक्या कॅमेऱ्याने शाळेतल्या मुलांचे फोटो काढल्याचे नाटक करून पैसे गोळा करतो, संघाचा चेंडू आणि गोलचे खांबही विकतो. रात्रभर प्रवास करून, जास्त पैसे मोजून तिकीट मिळवतो. सामन्याला अवकाश असतो म्हणून जरा आडवा होतो आणि झोप लागते. जागा होतो तेव्हा मैदान रिकामे असते. हवी ती गोष्ट हाताशी आली आणि तरी दार बंद झाले. उंबऱ्याबाहेर बसलेल्या त्या कुत्र्याची या वेळी मुलाशी अदलाबदल झाली आहे.

१९९७मध्ये 'टेस्ट ऑफ चेरी'साठी कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक किआरोस्तामींना मिळाले. त्या चित्रपटाचा शेवटही प्रेक्षकाला उत्तर न देताच सोडतो आणि त्यावरून आजही वाद होतात. ज्यांना तो कोड्यात टाकतो त्यांनी १९७०ची ती गल्ली आधी पाहावी. तिथे कोडे काहीच नाही. दार लागले आहे, बाहेर कोणीतरी बसले आहे, आणि दुसरे मूल येते आहे.

चित्रपट संपल्यावर भाची थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या दुसऱ्या मुलाच्या हातात रोटी नाही ना?" मी म्हटले, "नाही, भांडे आहे." ती म्हणाली, "मग त्याला दुसरे काहीतरी सुचावे लागेल."