‘शेवटपर्यंत ऐका’ म्हणू नका, कशासाठी ऐकायचं ते सांगा

सुरतेतल्या लिंबायतच्या कोणत्याही मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर पॉडकास्टची जाहिरात आली की ती साधारण अशी असते : ‘येतोय एक असा भाग, जो तुम्हाला हादरवून टाकेल! आपल्याच भागातल्या एका माणसाची कधीही न ऐकलेली कहाणी. शेवटपर्यंत ऐका. लिंक खाली.’ नंदुरबार, धुळे, जळगावहून येऊन इथे स्थायिक झालेल्यांच्या पुढच्या पिढीतली मुलं आता मोबाइल आणि माइक घेऊन वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घेतात, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र तासभराच्या मेहनतीनंतर ती मुलाखत लोकांपुढे ठेवताना जी चार वाक्यं लिहिली जातात, त्यांत ऐकण्याचं एकही कारण नसतं. कोण माणूस, कशाबद्दल बोलला, ऐकून मला काय कळेल, यातलं काहीच त्यात नाही. ही पद्धत सोडावी आणि प्रत्येक पोस्टमध्ये ऐकण्याचं एक, फक्त एक, ठोस कारण द्यावं, असं माझं ठाम मत आहे. पण या पद्धतीच्या बाजूनेही मुद्दे मांडले जातात, म्हणून आधी त्यांना उत्तर देतो.

पहिला मुद्दा असा की सगळं आधीच सांगून टाकलं तर ऐकेल कोण? उत्सुकता ताणली पाहिजे. यात गृहीत असं धरलंय की जेवढं कमी सांगू तेवढी उत्सुकता जास्त. उत्सुकता अशी चालत नाही. अमेरिकन अर्थ-मानसशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ साली उत्सुकतेवर एक मोठा निबंध लिहिला. आपल्याला माहीत असलेलं आणि जाणून घ्यावंसं वाटणारं यांत फट दिसली की उत्सुकता जागी होते, हे त्याचं सार. टीझरवाले याच सिद्धान्ताचा आधार घेतात, पण अर्धाच वाचतात. फट दिसायला अलीकडचा काठ पायाखाली असावा लागतो. ज्या विषयाचं नावही मला सांगितलेलं नाही, त्याबद्दल मला कसली फट दिसणार? ‘एका माणसाची कहाणी’ म्हटल्यावर काठच उरत नाही. ‘खाडीचं पाणी घरात शिरण्याआधी कसं ओळखायचं’ म्हटलं, तर मिठी खाडीच्या बाजूला राहणाऱ्या प्रत्येकाच्या पायाखाली तो काठ लगेच येतो.

आपलं कीर्तनच बघा. कीर्तनकार निरूपणाचा अभंग सुरुवातीलाच सर्वांसमोर म्हणतो. आज कशावर बोलणार हे त्या क्षणी उघड होतं, तो अभंग निम्म्या मंडळींना पाठही असतो, तरी माणसं दोन तास बसून राहतात. विषय सांगितल्याने श्रोता उठून जात नाही. या अभंगातून हा माणूस काय काढतो, ते ऐकायला तो थांबतो.

दुसरा मुद्दा आकड्यांचा. ‘टीझर टाकला की क्लिक वाढतात, आमचा सीटीआर बघा’ असं सांगितलं जातं. इथे मोजमापातच घोटाळा होतो. यूट्यूब स्टुडिओमधला हा आकडा म्हणजे यूट्यूबच्याच पडद्यावर थंबनेल किती वेळा दिसलं आणि त्यातून किती वेळा उघडलं गेलं, याचं प्रमाण. निम्म्या चॅनेलांचं हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतं, असं यूट्यूब स्वतःच सांगतं. व्हॉट्सअॅपवर तुमची पोस्ट किती जणांनी पाहिली, याची त्या हिशेबात नोंदच होत नाही. त्यामुळे ग्रुपवरचा टीझर चालला की नाही, हे सीटीआर सांगू शकत नाही. त्यासाठी स्टुडिओतल्या ट्रॅफिक सोर्समध्ये जाऊन ‘एक्स्टर्नल’ उघडावं लागतं. तिथे व्हॉट्सअॅपवरून आलेले प्रेक्षक वेगळे दिसतात आणि त्यांनी सरासरी किती वेळ पाहिलं, तेही दिसतं.

खरं बघायचं ते हेच. रिटेन्शनच्या आलेखात पहिल्या ३० सेकंदांनंतर किती जण टिकले, याची टक्केवारी असते. लोक आले आणि अर्ध्या मिनिटात निघून गेले, तर पोस्टने दिलेली अपेक्षा आणि भागाची सुरुवात जुळली नाही, असा संशय घ्यायला जागा आहे. एकाच भागावरून निकाल मात्र लावू नये. साठ-सत्तर प्रेक्षकांच्या आकड्यात चार नातेवाइकांनी पूर्ण भाग पाहिला तरी सरासरी हलते. चार-पाच भाग एका पद्धतीने आणि तेवढेच दुसऱ्या पद्धतीने टाकून बघितलं, तर काहीतरी बोलता येईल.

माहिती दडवणाऱ्या मथळ्यांचा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेऊन झालेला आहे. फेसबुकने ऑगस्ट २०१४ मध्ये असे मथळे मागे ढकलायला सुरुवात केली. तेव्हाच्या त्यांच्या पाहणीत, क्लिक करण्याआधी पूर्ण लेख वाचावा की नाही हे ठरवायला मदत करणारे मथळे लोकांनी ८० टक्के वेळा पसंत केले होते. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी हा नियम आणखी कडक केला आणि मथळ्यात गरजेची माहिती दडवली आहे का, ही एक कसोटी ठेवली. क्लिकवरच ज्यांचं पोट चालतं, त्यांनाही हे करावं लागलं.

तिसरा मुद्दा असा की हे सगळं शिकलेल्या, निवांत श्रोत्यांसाठी ठीक. आपल्या भागात मसालाच लागतो. हे मला मुळीच मान्य नाही. लिंबायतमध्ये ऐकणारं कोण आहे ते बघा. लूमच्या खडखडाटात बारा तासांची पाळी करणारा कामावर काही ऐकूच शकत नाही. त्याला पाळी संपल्यावर मिळतो तेवढाच वेळ. घरी साडीला लेस लावणाऱ्या, स्टोन चिकटवणाऱ्या, धागे कापणाऱ्या बाया ऐकतात, पण हात गुंतलेले असतात. एकदा लावलं की मध्येच बदलता येत नाही. या दोघांनाही ऐकायच्या आधीच ठरवावं लागतं. ज्याच्याकडे वेळ कमी, त्याला कारणाची गरज जास्त. त्याच्यापुढे कोडं टाकणं म्हणजे त्याच्या वेळेला किंमत न देणं.

खंडन झालं, आता मंडन. ठोस कारण सापडतं कसं, ते एका उदाहरणावरून दाखवतो. समजा, मिठी खाडीच्या काठी तीस वर्षं राहिलेल्या एका काकांची पन्नास मिनिटांची मुलाखत आहे. पोस्ट लिहिणाऱ्याने आधी पूर्ण भाग ऐकावा आणि ऐकणाऱ्याला जे आधी माहीत नव्हतं ते जिथे कळतं, ती मिनिटं वहीत टिपावीत. समजा, तीन जागा मिळाल्या. चौथ्या मिनिटाला काका गाव सोडून सुरतेला कसे आले ते सांगतात. एकोणिसाव्या मिनिटाला ते म्हणतात की खाडीला पूर येणार हे उकाई धरणाच्या पातळीवरून कळत नाही; मग काय बघायचं आणि घरातला माल कोणत्या क्रमाने वर चढवायचा, तेही सांगतात. सदतिसाव्या मिनिटाला घरातला कामाचा माल भिजल्यावर नुकसान कोणाच्या अंगावर पडलं, याचा किस्सा आहे.

पहिली जागा सुंदर आहे, पण अशी गोष्ट प्रत्येक घरात आहे; फक्त तेवढ्यासाठी कोणी वेळ काढणार नाही. तिसरी चांगली आहे, पण एका वाक्यात मावत नाही. दुसरी निवडावी, कारण ती एका वाक्यात सांगता येते, तिच्यात ठिकाणाचं नाव आहे आणि ती ऐकणाऱ्याचं वागणं बदलते. ऑगस्ट २००६ च्या महापुरात उकाईतून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली, तेव्हापासून पाऊस वाढला की सुरतकर उकाईची पातळी बघतो. मिठी खाडीचं गणित वेगळं आहे. ती भरते सुरत जिल्ह्यात, शहराच्या वरच्या बाजूला झालेल्या पावसाने, आणि समुद्राला भरती असेल तर पाणी ओसरायला वेळ लागतो. उकाई भरलेलं नसतानाही खाडीपूर येऊ शकतो.

मग पोस्ट अशी होते : ‘पाऊस वाढला की आपण उकाईची पातळी बघतो. मिठी खाडीचा पूर त्यावरून कळत नाही; तो वरच्या तालुक्यांतल्या पावसाने येतो. लिंबायतमध्ये पाऊस थांबला तरी खाडी चढत असेल, तर वरचं पाणी येतंय असं समजा. खाडीकाठी तीस वर्षं राहिलेले काका आणखी काय बघतात आणि घरातला माल कोणत्या क्रमाने वर चढवतात, ते १९व्या मिनिटापासून ऐका.’ खाली लिंक, तिच्या शेवटी `?t=1140` जोडलेलं. एकोणीस मिनिटांचे ११४० सेकंद होतात, youtu.be च्या छोट्या लिंकला हे जोडलं की भाग थेट त्या जागी उघडतो. लिंकमध्ये आधीच `?` असेल, तर `&t=1140` जोडावं. ऑडिओ अॅपवर मध्ये जाहिराती घातल्या जात असतील, तर मिनिट पुढे सरकतं. तिथे ‘साधारण १९व्या मिनिटाच्या आसपास’ असं लिहावं.

या पोस्टमध्ये सर्वांत कामाची खूण फुकट देऊन टाकली आहे, हे मी मुद्दाम केलं. जिवाशी किंवा घराशी संबंध असलेली माहिती क्लिकसाठी अडवून ठेवू नये. शिवाय त्याने भागाचं नुकसान होत नाही. एक खूण खरी आणि उपयोगी निघाली की बाकीच्या खुणांसाठी माणूस आपणहून येतो. अर्थात काकांच्या अनुभवाला महापालिकेच्या इशाऱ्याची जागा देता येणार नाही, आणि तेही पोस्टमध्ये एका ओळीत लिहायला हरकत नाही.

ठोस पोस्टही बिघडू शकते. पाच कारणं एकत्र दिली की एकही लक्षात राहत नाही आणि पोस्ट अनुक्रमणिकेसारखी दिसते. सांगितलेलं कारण भागात दोन वाक्यांत उरकलेलं असेल, तर श्रोता फसवला गेला असंच म्हणावं लागेल. म्हणून साधी परीक्षा घ्यावी : पोस्टमधलं वाक्य वाचून त्या मिनिटाला आलेल्या माणसाला पुढची पाच मिनिटं त्याच विषयावर काही मिळतं का? मिळत नसेल तर कारण बदलावं.

आणि शेवटचा आक्षेप राहतो : ‘प्रत्येक भागात असं कारण असतंच असं नाही.’ पूर्ण भाग ऐकूनही एक वाक्य सापडत नसेल, तर दोष पोस्टचा नाही, मुलाखतीचा आहे. प्रश्न मोघम विचारले म्हणून उत्तरं मोघम आली. ‘सुरतेत आल्यावर कसं वाटलं?’ याऐवजी ‘पहिल्या महिन्यात भाडं किती होतं आणि पगारातून ते कसं भागवलं?’ असं विचारलं असतं, तर पोस्ट आपोआप लिहिली गेली असती. म्हणून पोस्टची ती एक ओळ रेकॉर्डिंगच्या आधीच कच्ची लिहून काढावी आणि मुलाखतीत तिचा पाठपुरावा करावा. ज्या भागाला अशी ओळ मिळतच नाही, तो तसाच टाकू नये. काकांकडे पुन्हा जावं आणि नीट विचारून यावं.