तोट्याचा माल बंद करण्याआधी एक प्रश्न

धंद्यात मंदी आली की आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांचे पहिले लक्ष जाते ते तोट्याच्या मालाकडे. चार प्रकारचा माल निघतो, त्यांपैकी एक हिशेबात तोटा दाखवतो, तेव्हा तो बंद केला की तेवढा तोटा वाचेल, असे सरळ गणित मांडले जाते. आमच्या मते हे गणित पुष्कळदा चुकते. त्यामुळे नफा वाढत तर नाहीच, उलट कमी होतो. आणि भावाभावांच्या भागीदारीत तर त्यावरून घरे फुटतात.

बोलण्यापेक्षा हिशेबच मांडू. तालुक्याच्या गावी दोन भावांची लाकडाच्या भट्टीची बेकरी आहे असे समजा. थोरला भाऊ पाव आणि खारी पाहतो, धाकटा नानकटाई पाहतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोळाबेरीज घेतले आहेत. महिन्याला पावाची विक्री 3 लाख, खारीची 2 लाख आणि नानकटाईची 1 लाख रुपये. मैदा, साखर, वनस्पती, यीस्ट, खोकी आणि दुकानदारांचे कमिशन हा खर्च मालाबरोबर वाढतो आणि मालाबरोबर घटतो. तो वजा केला की पावामागे 1 लाख 20 हजार, खारीमागे 80 हजार आणि नानकटाईमागे 28 हजार रुपये हाती उरतात.

आता बांधील खर्च. जागेचे भाडे 25 हजार, जळण 45 हजार, भट्टीवाला आणि इतर कारागिरांचे पगार 70 हजार, टेम्पो आणि चालक 30 हजार, वीज, पाणी व डागडुजी 10 हजार. एकूण 1 लाख 80 हजार. याशिवाय केवळ नानकटाई वळायला आणि खोक्यांत भरायला एक मदतनीस आहे, त्याचा पगार 10 हजार.

हिशेबनीस 1 लाख 80 हजारांचा बोजा विक्रीच्या प्रमाणात वाटतो. पावावर 90 हजार, खारीवर 60 हजार, नानकटाईवर 30 हजार. त्यामुळे पावात 30 हजार नफा, खारीत 20 हजार नफा आणि मदतनिसाचा पगार धरून नानकटाईत 12 हजार तोटा दिसतो. बेकरीचा एकूण नफा 38 हजार. थोरला म्हणतो, नानकटाई बंद करू, नफा 50 हजारांवर जाईल.

प्रत्यक्षात काय होईल? नानकटाईमागे उरणारे 28 हजार जातील. वाचतील फक्त मदतनिसाचे 10 हजार. घरमालक भाडे कमी घेणार नाही. टेम्पो पाव घेऊन त्याच दुकानांना जाणार. जळणाचे तर विशेष आहे. भट्टी तापवावी लागते ती पावासाठी. पाव निघाल्यावर उतरत्या आचेवर नानकटाई भाजली जाते, म्हणून ती बंद केल्याने लाकूड जवळजवळ वाचतच नाही. म्हणजे नफा 38 हजारांवरून 20 हजारांवर येईल. ज्या मालाने 12 हजारांचा तोटा दाखवला, तो गेल्याने बेकरीला 18 हजारांचा खड्डा पडला. मदतनिसाला कामावरून न काढता पावाच्या कामाला लावले, तर त्याचा पगारही वाचणार नाही आणि खड्डा 28 हजारांचा होईल.

घसरण इथेच थांबत नाही. पुढच्या महिन्यात हिशेबनीस तोच 1 लाख 80 हजारांचा बोजा दोनच मालांवर वाटेल. पावावर 1 लाख 8 हजार, खारीवर 72 हजार. खारीचा नफा 20 हजारांवरून 8 हजार होईल. खारी होती तशीच आहे, पण कागदावर ती आजारी दिसू लागते. थोडे भाव चढले की तीही तोट्यात जाईल आणि तिच्यावरही बंदीची वेळ येईल. खारीही बंद केली, तर पावाचे 1 लाख 20 हजार आणि बांधील खर्च 1 लाख 80 हजार, म्हणजे दरमहा 60 हजार तोटा. चालता धंदा असा एकेक फांदी तोडून बसतो.

यावरून आमचे म्हणणे असे आहे. कोणता माल तोट्यात आहे, हा प्रश्न पुढे ठेवू नये. हा माल आज बंद केला तर उद्यापासून नेमका कोणता खर्च थांबेल, हा प्रश्न ठेवावा. वहीत एका बाजूला जाणारी विक्री लिहावी, दुसऱ्या बाजूला खरोखर थांबणारा खर्च. वाटून आलेला बोजा या पानावर लिहूच नये, कारण तो माल गेला तरी राहणार आहे.

मात्र याचा अर्थ प्रत्येक मरतुकडा माल जन्मभर पोसावा असा नाही. वनस्पतीचे आणि साखरेचे भाव चढून नानकटाईमागे उरणारी रक्कम मदतनिसाच्या 10 हजारांच्याही खाली गेली आणि भाव वाढवून गिऱ्हाईक टिकत नसेल, तर ती थांबवणेच बरे. तसेच त्याच उतरत्या आचेवर, त्याच हातांनी टोस्टचे पक्के काम मिळत असेल आणि त्यात सगळा जादा खर्च जाऊन 25 हजार उरत असतील, तर नानकटाईचे 18 हजार सोडण्यात शहाणपण आहे. पण काम हाती येण्यापूर्वी नुसत्या आशेवर माल बंद करू नये.

आणखी एक गोष्ट. बांधील खर्च कायमचा बांधील नसतो. जागेचा करार सहा महिन्यांनी संपत असेल आणि नानकटाईवाचून लहान जागेत भागत असेल, तर त्या तारखेपासून भाड्यातील फरकही वाचणाऱ्या खर्चात धरावा. तो फरक आणि मदतनिसाचा पगार मिळून 28 हजारांच्या वर जात असेल, तर माल बंद करण्याचा निर्णय बरोबर ठरेल. म्हणून हे पान एकदा लिहून ठेवून देण्याचे नाही. करार, टेम्पो आणि माणसे यांच्याबाबत निर्णय घेण्याची वेळ येईल, तेव्हा ते पुन्हा मांडावे.

शेवटी भागीदारीबद्दल. वरच्या बेकरीत धाकट्या भावाला, तू धंद्याला 12 हजारांनी बुडवतोस, असे ऐकावे लागते. खरे तर तो महिन्याला 18 हजार सामाईक खर्चाला लावतो. त्याचा तोटा बाजारात झालेला नाही, तो हिशेबनिसाच्या वाटणीत झाला आहे. बोजा विक्रीऐवजी भट्टीच्या तासांवर किंवा जागेवर वाटला असता, तर कदाचित दुसऱ्याच मालाच्या नावे तोटा निघाला असता. अशा आकड्यावरून एका भावाला वेगळे काढणे, त्याचा हिस्सा कमी करणे किंवा गरीब मदतनिसाची रोजी तोडणे हा न्याय नव्हे. भागीदाराचा हिशेब ही अमानत आहे. तोंडातून तोट्याचा शब्द काढण्यापूर्वी दोघांनी एकत्र बसून थांबणारा आणि न थांबणारा खर्च वेगळा लिहावा, आणि मगच काय ठेवायचे, काय सोडायचे ते ठरवावे.