शेवटचे प्रश्न तुमचे

इंटर्नशिपच्या मुलाखतीत शेवटी "काही विचारायचंय?" असं विचारलं, की आपली बरीच मुलं "नाही सर" म्हणून मोकळी होतात. मी अशा मुलाखती घेतो. माझ्या मते एक प्रश्न जरूर विचारावा : "मागच्या इंटर्नने काय बनवलं आणि ते आज वापरात आहे का?" "बिलं शोधायची सोय केली, ग्राहक ती वापरतात" असं ठोस उत्तर आलं, तर तिथे शिकायला मिळेल. "जे येईल ते करायचं" एवढंच ऐकू आलं, तर पुढे विचारा : "माझा कोड कोण तपासेल?" कुणाचंच नाव निघालं नाही, तर सावध व्हा.

"कंपनी काय करते?" हे विचारू नका, ते वेबसाइटवर असतं. "माझी निवड होईल का?" हेही नको, समोरचा एकटा ते ठरवत नाही. स्टायपेंडचं एचआरला विचारा.

जुम्याच्या नमाजेचा विषयही मी ऑफर येईपर्यंत राखून ठेवीन. मग होकार देण्याआधी एचआरला सरळ सांगावं : "शुक्रवारी दुपारी एक तास लागेल, तो संध्याकाळी भरून काढीन." "बघू" म्हणाले, तर उत्तर ईमेलवर मागा. रुजू झाल्यावर दर शुक्रवारी मॅनेजरच्या मर्जीवर राहण्यापेक्षा हे बरं.