‘मेहनती, प्रामाणिक’ खोडा, स्टार्टर लिहा

दहावी-बारावीचे निकाल आले की मार्कांवर सगळे बोलतात, आयटीआयच्या पोरांबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. ज्यांच्या घरात आयटीआय झालेलं पोरगं आहे त्यांनी तरी वाचा.

गेल्या महिन्याभरात अप्रेंटिसशिपचे चार-पाच अर्ज बघायला आले. पत्रकार आहे म्हणजे लिहायचं काम याला जमतं, असा गावाचा समज. अर्जात स्वतःची थोडक्यात ओळख लिहायची जागा असते, तिथे सगळ्यांचा मजकूर एकच. ‘मी मेहनती, प्रामाणिक व वेळेचा पाबंद असून आपल्या नामांकित कंपनीत शिकण्यास उत्सुक आहे.’ सायबरवाल्याकडे एक साचा असतो, नाव बदलायचं, प्रिंट मारायची, वीस रुपये. इलेक्ट्रिशियनलाही तेच, फिटरलाही तेच, वेल्डरलाही तेच. हे वाचून सुपरवायझरला काय कळणार? पोराने दोन वर्षं पान्याला हात लावलाय की नुसती हजेरी लावलीय, एवढंसुद्धा कळत नाही.

त्यातला एक आपल्या वळचाच. इलेक्ट्रिशियन ट्रेड, दोन वर्षं पूर्ण, पास. सध्या दापोड्याच्या बाजूला एका गोदामात पार्सल स्कॅन करतो. मी विचारलं, ‘वर्कशॉपमध्ये काय काय केलंस?’ म्हणाला, ‘दादा, वायरिंग, मोटर, सगळंच.’ हे ‘सगळंच’ म्हणजे साच्याचा धाकटा भाऊ. म्हटलं, प्रॅक्टिकलची फाईल आण.

फाईल उघडली तर माणूसच वेगळा निघाला. डीओएल स्टार्टरची जोडणी तीन वेळा, स्वतःच्या हाताने. स्टार-डेल्टा दोन वेळा, पण चौघांच्या गटात. मेगरने मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासलेलं, रीडिंग लिहिलेलं. कंड्युट वायरिंगचा एक पूर्ण बोर्ड. सीलिंग फॅनचं वाइंडिंग एकदा. पीएलसी फक्त पाहिलेला, सरांनी एक दिवस दाखवलेला. अर्जात मात्र साहेबांनी ‘पीएलसीचे ज्ञान’ असं ठोकून दिलं होतं आणि स्टार्टरचं नावही नव्हतं.

मग एकच प्रश्न धरून बसलो : कधी काही बिघडलं होतं का, आणि ते तू शोधलंस का? जरा वेळ गेला. मग सांगायला लागला. डीओएल जोडला, हिरवं बटण दाबलं की मोटर चालायची, बोट काढलं की बंद. सप्लाय बंद केला, मल्टिमीटर घेतला, काँटॅक्टर हाताने दाबून १३ आणि १४ नंबरच्या टोकांमध्ये कंटिन्युइटी पाहिली. काँटॅक्ट लागत होता. म्हणजे दोष काँटॅक्टरमध्ये नव्हता, तिथपर्यंत येणाऱ्या वायरमध्ये होता. १४ नंबरच्या स्क्रूखाली वायरचं इन्सुलेशनच दाबलं गेलं होतं, तांबं टेकलंच नव्हतं. बटण सोडल्यावर काँटॅक्टरला धरून ठेवायला जो होल्डिंगचा रस्ता लागतो, तो तुटलेला.

माझं इलेक्ट्रिकलचं ज्ञान फ्यूज बदलण्यापुरतं, पण मलाही कळलं की हा पोरगा पॅनेलसमोर उभा राहू शकतो. ओळखखात्यात लिहायची गोष्ट हीच.

शेवटी आम्ही मिळून जे लिहिलं ते असं झालं :

‘इलेक्ट्रिशियन ट्रेड, दोन वर्षे पूर्ण. तीन फेज मोटरसाठी डीओएल स्टार्टरची पॉवर व कंट्रोल जोडणी तीन वेळा स्वतः केली. होल्डिंग काँटॅक्टच्या वायरमधला दोष मल्टिमीटरने शोधून दुरुस्त केला. स्टार-डेल्टा स्टार्टर चार जणांच्या गटात दोनदा जोडला, त्यात कंट्रोल सर्किट माझ्याकडे होते. ५०० व्होल्ट मेगरने वाइंडिंग व बॉडी यांमधील इन्सुलेशन तपासता येते. कंड्युट वायरिंग आकृतीवरून करता येते. पीएलसी पाहिला आहे, स्वतः वापरलेला नाही.’

शेवटच्या वाक्यावरून आमचं वाजलं. ‘दादा, नाही येत ते कशाला लिहायचं?’ माझं म्हणणं, तो शब्द अर्जात असेल तर प्रश्न येणारच, आणि तिथे तोंड उघडं पडलं तर खऱ्या तीन डीओएलवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. पाहिलेलं, गटात केलेलं आणि एकट्याने केलेलं, हे तीन खण वेगळे ठेवावेत. हवं तर शेवटचं वाक्य काढून टाक, पण ‘ज्ञान’ म्हणून घालू नकोस.

शिवाय जे लिहिलंय त्याच्या एक पायरी खालचं विचारतात. स्टार-डेल्टा लिहिलं की जाणकार माणूस ओव्हरलोड रिलेवर येतो. समजा मोटरच्या पाटीवर १४ अँपिअर आहे. रिले वाइंडिंगच्या फेजमध्ये बसवलेला असेल तर तो १४ वर ठेवायचा नाही, ०.५८ ने गुणायचं, म्हणजे आठच्या आसपास. कारण डेल्टामध्ये लाइनचा करंट दोन वाइंडिंगमध्ये वाटला जातो. १४ वरच ठेवला तर मोटर जळेपर्यंत रिले गप्प बसेल. आपल्या पोराला हे पाठ होतं, कारण मात्र सांगता येईना. दोन दिवस घेतले, सरांना फोन केला, समजून घेतलं. म्हणजे ओळख लिहिता लिहिता त्याची उजळणी झाली, ती साच्यातून कधीच झाली नसती.

आता माझा राग कुठे आहे ते सांगतो. वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, हा सगळा पट्टा गोदामांचा. मोठ्या गोदामात आगीच्या पाण्याचा पंप असतो. मुख्य पंपाची मोटर मोठी, तिला बहुतेक ठिकाणी स्टार-डेल्टा. लाइनचं प्रेशर टिकवणारा छोटा जॉकी पंप, तो डीओएलवर. म्हणजे आपलं पोरगं ज्या छपराखाली पार्सल स्कॅन करतंय, त्याच छपराखाली त्याने शिकलेले दोन्ही स्टार्टर भिंतीवर टांगलेत. आणि देखभालीला माणूस बाहेरून येतो! अप्रेंटिस कायद्यानुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि त्या मोजणीत कंत्राटी कामगारही धरतात. जागा निघतात, apprenticeshipindia.gov.in वर दिसतात. पण तिथे साच्यातला अर्ज गेला तर गोदामवाल्याला तो हेल्परच दिसणार, आणि तो हेल्परचंच काम देणार.

यात पोरांचाच दोष आहे असं मी मानत नाही. दोन वर्षं ज्याने शिकवलं त्या निदेशकाने शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला फाईल घेऊन दहा मिनिटं समोर बसवलं, तर हे काम गावच्या पत्रकाराकडे येणार नाही. एका मोटरवर वीस पोरं शिकतात हेही मला माहीत आहे. तसं असेल तर ‘गटात केले’ असं लिहा, त्यात कमीपणा कसला?

आपल्या पोराचा अर्ज परवा गेला. उत्तर आलं की इथेच कळवीन. तोवर ज्यांच्या घरी परीक्षा संपलीय त्यांनी एक करा, प्रॅक्टिकलची फाईल रद्दीत घालू नका. कालच एका माउलीने सांगितलं, पसारा नको म्हणून दिवाळीतच विकली.