‘शब्बा’ म्हणजे काय हो?

इशाची नमाज आटोपली की फोनवर गुलाबाची, चंद्राची, काबाशरीफची चित्रं येऊ लागतात. खाली लिहिलेलं असतं, ‘शब्बा खैर’. ‘शब्बा’ असा शब्दच नाही. मूळ फारसीत शब म्हणजे रात्र आणि ब-खैर म्हणजे खैरियतीने. ‘शब ब-खैर’ भरभर म्हणताना दोन ब एकत्र आले, कुणीतरी ऐकलं तसं लिहिलं आणि बाकीच्यांनी पुढे ढकललं. म्हणणाऱ्याने एकदा तरी स्वतःच्या तोंडाने म्हटलं असतं, तर अडखळून विचारलं असतं.

अरबीची तीच गत. ‘तुस्बिह अला खैर’, म्हणजे तुझी सकाळ भलाईत उजाडो. पण हे पुरुषाला म्हणायचं. अम्मीला म्हणायचं तर ‘तुस्बिही’. चित्राला कुठे ठाऊक, आपण अम्मीकडे चाललोय की मित्राकडे?

अरब लोक सकाळी ‘सबाहुल खैर’ म्हणतात, म्हणजे भलाईची सकाळ. त्याला बहुतेकदा उत्तर येतं ‘सबाहुन नूर’, प्रकाशाची सकाळ. मिळालं त्याहून थोडं जास्त परत द्यायचं. सूरह निसाच्या 86 व्या आयतीत हाच हुकूम आहे: कुणी सलाम केला तर त्याहून चांगला जवाब द्या, निदान तेवढा तरी द्या. आता सांगा, गुलाबाच्या चित्राला काय जवाब द्यायचा? दुसरा गुलाब?

माझ्या मामूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी पंधरा-वीस चित्रं यायची. आठव्या दिवशी मामू म्हणाले, “टाके काढले का, हे एकानेही विचारलं नाही.” त्यात मीही होतो.

त्या रात्री मी लिहिलं: ‘मामू, सलाम. आज जिना उतरलात म्हणे. रात्री ठणका लागला तर मुमानीला उठवा, लाजू नका. शब ब-खैर.’ चार वाक्यं. त्यांची आजची एक गोष्ट, रात्रीची एक काळजी आणि शेवटी दुआ. हा मजकूर दुसऱ्या कुणालाही पाठवता येणार नाही, हीच त्याची परीक्षा. मामूंचा जवाब लगेच आला, तोही लांबलचक.

“निदान आठवण तरी काढतो ना,” असं लोक म्हणतात. ज्यांची नजर अधू आहे, बोटं थरथरतात, त्यांचं चित्र म्हणजे ‘मी ठीक आहे’ ही खबर असते. त्यांना माफ. पण त्यांनाही आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो. धडधाकट माणसाने पन्नास जणांना एकच चित्र पाठवलं, तर त्याने आठवण एकाचीही काढलेली नसते. फक्त यादी काढलेली असते.

मराठीत लिहा, उर्दूत लिहा, मोडक्या अरबीत लिहा. आमच्या घरात ‘शुभ रात्री’ कुणी म्हणत नसे. अम्मी म्हणायची, “कडी लावलीस का? मग झोप आता.” तेवढं पुरे होतं.