कलप चालेल, धूर नको

गर्भवतीने केस रंगवावेत की नाही, असे घरात विचारले तर सरसकट मनाईचा हुकूम सुटतो; वस्तुतः ज्याच्याविषयी फारशी हरकत घेण्याजोगे काही नाही त्या कलपालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते, आणि जिला खरोखर मनाई व्हावी ती केस सरळ करण्याची क्रिया पार्लरमध्ये बिनदिक्कत पार पडते.

कलपातील द्रव्ये अखंड त्वचेतून रक्तात अत्यल्प प्रमाणात उतरतात, आणि म्हणूनच प्रसूतितज्ज्ञ त्याला सामान्यतः परवानगी देतात. पहिले तीन महिने तो तहकूब ठेवण्याचा प्रघात पुराव्यापेक्षा सावधगिरीतून आलेला आहे. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांविषयी मात्र मी इतका उदार नाही. निव्वळ मेंदीचा रंग तांबूस चढतो; तेव्हा जी पुडी थोडक्या वेळात केस काळेभोर करते तिच्यात पॅराफेनिलिनडायअमिन असण्याचा संभव मोठा, आणि ज्या स्त्रीला ते मानवत नाही तिच्या टाळूला खाज सुटून पापण्या सुजतात. सबब, कोणताही नवा कलप आधी कानामागे किंचित लावून दोन दिवस वाट पाहावी.

आता स्मूदनिंग, अर्थात ‘केराटिन’. येथे भय टाळूपेक्षा श्वासाचे आहे. द्रावण केसांना चोपडून ते वाळवतात आणि मग सुमारे २३० अंश तापलेली इस्त्री एकेका बटेवरून पुनःपुन्हा फिरवतात. त्या उष्णतेने द्रावणातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, ज्याची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली मानवाला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत केली आहे. बाटलीवर ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ असे लिहिलेले असले तरी घटकांच्या बारीक अक्षरांत मिथिलीन ग्लायकॉल आढळल्यास त्या हमीला काडीची किंमत नाही, कारण तापवल्यावर त्यातून तोच वायू निघतो. आणि त्याऐवजी वापरले जाणारे ग्लायऑक्झिलिक आम्ल टाळूतून शरीरात जाऊन मूत्रपिंडास इजा करू शकते, अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. शेजारच्या खुर्चीवर ही क्रिया चालू असता डोळे झोंबू लागले किंवा घसा खवखवला, तर आपला नंबर सोडून बाहेर पडावे, इतके माझे मत स्पष्ट आहे. आणि पार्लरमध्ये दिवसभर हेच काम करणारी मुलगी स्वतः गर्भवती असेल, तर तिला त्या खोलीतून दुसऱ्या कामावर बदलणे ही मालकिणीची जबाबदारी होय.

केसगळतीच्या औषधांपैकी मिनॉक्सिडिल गर्भधारणेचा बेत ठरताच बंद करावे. आणि पती फिनॅस्टेराइड घेत असल्यास त्याच्या मोडलेल्या गोळीला गर्भवतीने हात लावू नये, कारण मुलग्याच्या गर्भाच्या जननेंद्रियांच्या घडणीत ती विघ्न आणू शकते. साधा शाम्पू आणि खोबरेल यांना आडकाठी नाही. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी केसांचे पुंजके हाती येऊ लागतात, ते गरोदरपणात गळायचे राहून गेलेले असतात. वर्षभरात केस भरून आले नाहीत, तर तेलाची नवी बाटली आणण्यापूर्वी रक्तातील लोह आणि थायरॉइड तपासून घ्यावे.